पोह्यांचा हिशेब पळीपासून

शंभर ग्रॅम कोरडे पोहे घ्या, शंभर ग्रॅम रवा घ्या, इडलीसाठी भिजत घालायचे तांदूळ-उडीद मिळून शंभर ग्रॅम घ्या किंवा शंभर ग्रॅम कणीक घ्या. प्रत्येकातून मिळणारी ऊर्जा साधारण ३२० ते ३५५ कॅलरींच्या पट्ट्यातच राहते. धान्य दळा, कुटा, आंबवा किंवा भाजा, हा आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे ‘पोहे हलके आणि पराठा जड’ असं आपण सहज बोलतो, तेव्हा खरा फरक धान्यात नसतोच. तो तीन ठिकाणी असतो: ताटलीत कोरडं धान्य किती ग्रॅम गेलं, त्यावर तेल-तूप किती पडलं आणि शेजारी काय वाढलं.

चरबी कमी करायची असेल तर नाश्त्याचा हिशेब शिजवण्याआधीच करावा, असं मी सांगतो ते यासाठीच. शिजलेल्या पदार्थाचं वजन फसवं असतं. रवा आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट पाणी पितो, पोहे त्यामानाने बरेच कमी. म्हणून दीडशे ग्रॅम मऊ उपमा आणि दीडशे ग्रॅम मोकळे पोहे यांत धान्य सारखं नसतं. मोबाइलमधल्या ॲपवर ‘पोहे, एक प्लेट’ असं टाकलं की कुठे १८० तर कुठे ३२० येतं. त्यातला एक आकडा खोटा असतो असं नाही, दोघांच्या प्लेटा वेगळ्या असतात. स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल वजनकाटा असावा आणि रोजच्या वापरातली पोह्यांची, रव्याची, कणकेची वाटी एकदा मोजून ठेवावी. पोह्यांची वाटी जाड पोह्यांनी आणि पातळ पोह्यांनी भरली तर वजनात बराच फरक पडतो, तेव्हा जे पोहे घरात येतात त्यांनीच मोजावी. एकदा मोजली की पुढे काट्याची गरज रोज पडत नाही.

तेलाचं मात्र मोजमाप रोज हवं. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल, साधारण ४० कॅलरींचं. पोह्याचा मोठा चमचा त्याच्या तिप्पट, म्हणजे १२० च्या आसपास. फोडणीची पळी घरोघरी वेगळी असते. ती पाण्याने भरून त्यात चहाचे किती चमचे मावतात ते बघा. कित्येक घरांतल्या पळीत पाच-सहा चमचे सहज बसतात. तेल शेंगदाण्याचं असो, सूर्यफुलाचं असो की लाकडी घाण्याचं, कॅलरी तेवढ्याच. तुपाचंही तेच. घाण्याच्या तेलाची चव चांगली असते हे मान्य, पण ते ‘हलकं’ म्हणून हात सैल सोडला की सगळं गणित तिथेच फिसकटतं.

आता एक घर घेऊ. चार माणसं, रविवारची सकाळ, कांदेपोहे. पोहे तीनशे ग्रॅम, म्हणजे माणशी पाऊणशे. दोन मोठे कांदे, एक बटाटा, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे, दोन पळ्या तेल (पळी लहान आहे, दोन मिळून साठ मिलिलिटर), वरून चाळीस ग्रॅम ओलं खोबरं, चमचाभर साखर, कोथिंबीर, लिंबू. या घरात कोणी चमचमीत किंवा अघळपघळ काही करत नाहीये. असेच पोहे आपल्याकडे हजारो घरांत होतात.

पोह्यांचे झाले सुमारे १०५०. कांद्याचे ९०, बटाट्याचे ११०, शेंगदाण्यांचे २७५. तेलाचे जवळजवळ ५००. खोबऱ्याचे १५० आणि साखरेचे २०. एकूण सुमारे २२००, म्हणजे माणशी ५५०. त्यावर मूठभर बारीक शेव पडली की ८० वाढल्या, आणि सोबत दोन चमचे साखरेचा दुधाळ चहा ९० चा. नाश्ता ७२० वर गेला. दिवसाला १६००-१८०० कॅलरींवर वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाचा चाळीस टक्के वाटा सकाळी नऊलाच संपला. आणि एवढं खाऊन प्रथिनं मिळाली जेमतेम दहा ग्रॅम, कारण पोह्यांत शंभर ग्रॅममागे सातच्या आसपास प्रथिनं असतात. अकरा-साडेअकराला पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं त्याचं एक कारण हे.

या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. सगळ्यांत मोठा वाटा पोह्यांचाच आहे, पण पोह्यांनी पोट तरी भरतं. तेल, शेव आणि साखर मिळून माणशी अडीचशेच्या घरात जातात आणि त्यांनी पोट भरत नाही. कात्री पहिल्यांदा तिथे लावायची.

त्याच घरात तेच पोहे असे करता येतात: पोहे दोनशे ग्रॅम, म्हणजे माणशी पन्नास. कांदे दोनाऐवजी तीन. बटाटा काढून त्याजागी दीडशे ग्रॅम मटार आणि शंभर ग्रॅम किसलेलं गाजर किंवा बारीक चिरलेली फरसबी. शेंगदाणे चाळीस ग्रॅम, पण आधी कोरडे भाजलेले. तेल चहाचे चार चमचे, माणशी एक. खोबरं पंधरा ग्रॅम, चवीपुरतं. साखर नाही, गाजर-मटारांचा गोडवा पुरतो. आता बेरीज १४३० च्या आसपास येते, माणशी ३६०. सोबत एक उकडलेलं अंडं घेतलं तर ७० वाढतात. अंडं चालत नसेल तर वाटीभर साधं दही, साधारण ९०. चहा अर्धा चमचा साखरेचा, ६० चा. सगळं मिळून पाचशेच्या आसपास. ताटली दिसायला आधीइतकीच भरलेली, कारण भाजी वाढली आहे, आणि अंडं घेतलं तर प्रथिनं दहाची सोळा ग्रॅम झाली.

फरक सव्वादोनशे कॅलरींचा. महिनाभर रोज असा फरक पडला तर कागदावर पावणेसात हजार होतात. एक किलो चरबीत ७७०० कॅलरी साठलेल्या असतात असं ढोबळ मानतात. त्या हिशेबाने एक किलोला थोडं कमी. प्रत्यक्षात उतार याहून हळू होतो, कारण वजन घटतं तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो आणि नाश्त्यात वाचवलेलं दुपारी नकळत परत येतं. पण दिशा हीच.

कमी तेलाचे पोहे घशाखाली उतरत नाहीत, ही तक्रार बहुतेकांची असते आणि ती खरीही आहे. पण दोष तेलाच्या कमतरतेचा कमी आणि पद्धतीचा जास्त असतो. मोहरी तडतडायला ती तेलात बुडावी लागते, आणि मोठ्या कढईत चार चमचे तेल पसरलं की ते बुडवणारं उरतच नाही. मोहरी नुसती काळी पडते आणि कडवट लागते. कढई किंचित तिरकी धरायची, तेल एका कडेला गोळा होऊ द्यायचं, तिथेच मोहरी, जिरं, मिरची, कढीपत्ता, हिंग तडतडवायचं आणि मग कढई सरळ करून कांदा टाकायचा. हळद कांद्याबरोबर घातली तर ती जळत नाही. कांद्यावर मीठ घालून झाकण ठेवलं की त्याचंच पाणी सुटतं आणि तो त्या पाण्यात मऊ होतो. तेलात परतून होणारं काम इथे वाफ करते. मटार-गाजरही याच वाफेत शिजतात.

पोहे धुऊन निथळल्यावर पाच-सात मिनिटं तसेच ठेवावेत आणि कढईत घालण्याआधी बोटांनी मोकळे करावेत. भरपूर तेल असताना कोरडे राहिलेले पोहेही खपून जातात. कमी तेलात ते लगेच उघडे पडतात. पोह्याचा दाणा दोन बोटांत सहज दबला पाहिजे, पण लगदा होता कामा नये. कोरडा वाटला तर पाण्याचा हबका मारायचा, तेलाचा नाही. शेवटी झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटं दणदणीत वाफ, आणि लिंबू गॅस बंद केल्यावर. पोहे संपल्यावर ताटलीचा तळ बोटाने पुसून बघा. बोट चकचकीत झालं तर तेल अजूनही जास्त आहे.

उपम्याला हीच रीत लागू पडते, फक्त तिथे तेल लपण्याची एक जास्तीची जागा असते. रवा तुपावर भाजला की तो निम्मं तूप मुकाट पिऊन टाकतो आणि वर फोडणीचं तेल वेगळं पडतं. साठ ग्रॅम रवा, तीन चमचे तेल-तूप आणि थोडे काजू असा उपमा पावणेचारशेच्या आसपास जातो. रवा कोरडा, मंद आचेवर, सतत हलवत भाजला तरी खमंग होतो. आठवड्याचा एकदम भाजून डब्यात ठेवता येतो. पंचेचाळीस ग्रॅम रवा, दीड चमचा तेल, वाटीभर भाज्या, आणि फोडणीत दोन चमचे हरभरा आणि उडदाची डाळ धरली तर तो तीनशेच्या आत बसतो. पाणी तिप्पट घालावं. मऊ उपमा थोड्या रव्यात जास्त भरतो आणि त्याला तेल कमी लागतं. मोकळा, दाणेदार उपमा करायचा हट्ट असेल तर तेल वाढणारच. हॉटेलातला उपमा इतका लुसलुशीत का लागतो याचं उत्तर बहुधा त्याच्या चकाकीत दिसतं.

इडलीला वाफेचा फायदा मिळतो. तिच्यात तेल जातच नाही, साच्याला लावलेला हात सोडला तर. घरच्या मध्यम साच्यातल्या एका इडलीत पंधरा-सोळा ग्रॅम कोरडं तांदूळ-उडीद असतं, म्हणजे साधारण ५५ कॅलरी. चार इडल्या २२०, दाट वाटीभर सांबार १००, दोन मोठे चमचे नारळाची चटणी ८०. चारशेत मामला संपतो आणि सांबारातल्या डाळीमुळे प्रथिनं अकरा ग्रॅमपर्यंत जातात. पोहे, उपमा, इडली, डोसा आणि पराठा या पाचही पदार्थांत, काहीही न बदलता सगळ्यांत सोयीचा हाच. पण इडली बिघडते ती संख्येने. ती मऊ, चावायला वेळ न घेणारी, म्हणून सहा-सात कधी झाल्या कळत नाही, आणि सांबारात डाळीपेक्षा पाणी जास्त असलं तर पोट रिकामंच राहतं. उडप्याकडची इडली घरच्यापेक्षा मोठी असते, आणि ‘इडली-वडा’ मागवला की तळलेला मेदूवडा एकटाच दीडशेच्या आसपासची भर घालतो. मोळगापोडी तेलात कालवून घेणाऱ्यांनी ते तेलही चमच्याने मोजावं. मी स्वतः चटणीऐवजी सांबार दुप्पट घेण्याच्या पक्षात आहे. चटणीच हवी असेल तर निम्मं खोबरं आणि निम्मं पुदिना-कोथिंबीर-दही असं वाटण चवीला कमी पडत नाही.

डोशात आणि इडलीत पीठ एकच, फरक तव्याचा. घरचा एक पातळ डोसा, तीसेक ग्रॅम कोरड्या धान्याचा, चमचाभर तेलासह दीडशेच्या जवळ. असे दोन, सांबार आणि थोडी चटणी, असा नाश्ता पाचशेच्या आत राहतो. तवा पुरेसा तापलेला असेल आणि अर्धा कांदा तेलात बुडवून त्याने पुसला तर डोशामागे पाव चमचा तेलही पुरतं. नव्या किंवा नीट न तापलेल्या तव्यावर मात्र डोसा चिकटतो, माणूस वैतागतो आणि कडेने तेलाची धार सोडतो. बाहेरचा मसाला डोसा हे वेगळंच प्रकरण: मोठा डोसा, आत तेलात परतलेली बटाट्याची भाजी, वर लोणी. तो चटणी-सांबारासह पाचशेपर्यंत आरामात जातो. पुण्या-मुंबईत जागोजागी मिळणारा दावणगिरी लोणी डोसा तर नावातच कबुली देतो. महिन्यातून एकदा जरूर खावा, फक्त तो नाश्ता न मानता जेवण मानावा.

पराठ्याची बदनामी थोडी अन्यायाची आहे. चाळीस ग्रॅम कणीक १३५ ची, पन्नास ग्रॅम उकडलेला बटाटा चाळीसचा. पावणेदोनशेत पराठा लाटून तयार. पुढे दोन्ही बाजूंना एकेक चमचा तेल सोडलं की अडीचशे पार, आणि वर दहा ग्रॅम लोण्याचा गोळा ठेवला की सव्वातीनशे. असे दोन म्हणजे साडेसहाशे. म्हणजे निम्म्याच्या जवळपास ऊर्जा तव्यावर आणि तव्यानंतर येते. सुटका सोपी आहे. पराठा आधी कोरडाच दोन्ही बाजूंनी पूर्ण शेकायचा आणि उतरवायच्या आधी अर्धा चमचा तूप ब्रशने किंवा चमच्याच्या पाठीने लावायचं. कच्च्या पराठ्यावर सोडलेलं तेल कणीक आत ओढून घेते. शेकलेल्यावर लावलेलं पृष्ठभागावर राहतं आणि जिभेला तेच आधी जाणवतं. सारणात बटाट्याऐवजी किसलेला मुळा, कोबी, मेथी किंवा कुस्करलेलं पनीर घ्यावं. मुळ्या-कोबीला पाणी सुटून पराठा फाटतो, म्हणून मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्यायचं आणि ते पाणी कणीक मळायला वापरायचं. असे दोन पराठे आणि वाटीभर दही साडेचारशेच्या आसपास येतं. लोणच्याचा तेलकट खार मात्र बरणीतच राहू द्यावा.

म्हणजे नेहमीच्या पद्धतीने केलेले हे पाच पदार्थ ओळीने लावले तर चार इडल्या-सांबार आणि बेताचा उपमा खाली येतात, घरचे दोन डोसे मधे, आणि भरपूर तेलाचे पोहे नि लोण्याचे पराठे वर. पण हात आखडला की हे पाचही ३०० ते ४७५ च्या पट्ट्यात येतात. मग इडली खावी की पोहे, हा प्रश्न आवडीचा राहतो आणि आवडीचं खाणाराच टिकतो.

काही अदलाबदली मात्र नुसत्याच नावाच्या असतात. लाल पोहे, नाचणीची इडली, ओट्सचा उपमा, मल्टिग्रेन पराठा यांत तंतू किंवा खनिजं थोडी जास्त मिळतात, त्याचं मोल आहेच. पण कॅलरी पांढऱ्या भावंडांइतक्याच, ओट्सच्या तर थोड्या जास्त. मुगाच्या डाळीच्या धिरड्याने मात्र खरा फरक पडतो. पन्नास ग्रॅम डाळ भिजवून वाटली, आलं-मिरची घातली आणि चमचाभर तेलात दोन धिरडी घातली तर सव्वादोनशेत बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. आठवड्यातून दोन सकाळी डोशाच्या जागी हे करून बघण्यासारखं आहे. थालीपीठही भाजणीतल्या डाळींमुळे चांगलं. फक्त त्याच्या भोकांतून किती तेल सोडलं जातं त्यावर लक्ष ठेवावं लागतं. उपवासाच्या दिवशीची साबुदाणा खिचडी या यादीत कुठे बसते असं कोणी विचारलं तर सगळ्यांच्या वर: प्रथिनं जवळजवळ नसलेला साबुदाणा, वर दाण्याचं कूट, वर तूप.

घरातलं तेल खरंच कमी झालं का, हे एकेका पदार्थावरून कळत नाही. महिन्याच्या पिशव्या किंवा डबा मोजावा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे अडतीस ग्रॅम होतं, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, तूप-लोणी वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून सुमारे सत्तावीस ग्रॅम सुचवले आहेत. तळणाचं उरलेलं तेल टाकून दिलं जात असेल तर ते वजा करा. महिन्याला तीन लिटरवर आलात तर तुपासाठी चमचाभर जागा उरते.

वरचे सगळे आकडे पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. कांदा लहान-मोठा असतो, दूध म्हशीचं की गाईचं यावर चहाही बदलतो. म्हणून निकाल वजनावरून घ्यावा: आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. सोबत कमरेचा टेपही लावावा. तीन आठवड्यांत दोन्ही हलले नाहीत तर नाश्ता आणखी कापू नये. आधी अकराचा चहा-बिस्किटं आणि संध्याकाळचा चिवडा तपासावा, कारण पाचशेचा नाश्ता साडेतीनशेवर आणलेला माणूस उरलेले दीडशे बहुधा तिथेच भरून काढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोहे-रव्याचं प्रमाण एकदम तिसऱ्या हिश्शाने घटवू नये. साखर फार खाली जाऊ शकते. डोसचं डॉक्टरांशी बोलून मगच धान्य कमी करावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा हिशेब सध्या बाजूलाच ठेवावा.